ग्रुप फोटोत नंतर बसवलेला माणूस चिकटवल्यासारखा का दिसतो?

प्रश्न: मी लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करतो. एका कुटुंबाचा ग्रुप फोटो मंगल कार्यालयाच्या अंगणात दुपारच्या उन्हात काढलेला आहे. मोठा मुलगा जर्मनीत असल्यामुळे त्याचा मोबाइलवर घरात काढलेला फोटो मागवून मी त्याला डाव्या टोकाला उभा केला. कटिंग अगदी जपून केलं, रंगही जुळवले, तरी केसांभोवती पांढुरकी रेघ दिसते आणि घरचे म्हणतात की तो चिकटवल्यासारखा वाटतो. दोन्ही फोटो सोबत पाठवतोय. नेमकं काय चुकतंय आणि असं जोडकाम ओळखू येऊ नये म्हणून अनुभवी लोक काय करतात?

उत्तर:

कटिंगची रेघ तुम्हाला दिसली कारण तुमची सगळी मेहनत तिथे गेली आहे. घरच्यांना मात्र बहुधा ती रेघ खटकलेली नाही. त्यांना खटकतंय ते पायाखाली आणि चेहऱ्यावर आहे, फक्त त्याला नाव देता येत नसल्यामुळे ते ‘चिकटवल्यासारखा’ म्हणतात. आधी रेघेचं बघू, कारण ते सोपं आहे. मग सावलीकडे जाऊ, जिथे या फोटोचा खरा घोळ आहे.

केसांच्या कडेचा एक पिक्सेल घ्या. मूळ फोटोत त्या पिक्सेलमध्ये अर्धा केस होता आणि अर्धी मागची पांढरी भिंत. केसाच्या उजळपणाची किंमत 30 आणि भिंतीची 230 धरली, तर पिक्सेलची किंमत झाली 130. आता तुमचा मास्क अगदी बिनचूक आहे आणि त्या जागी बरोबर 50 टक्के आहे असं समजा. अंगणातल्या मागच्या झाडाची किंमत 60 आहे. तिथे खरं तर केस आणि झाड यांची सरासरी, म्हणजे 45 यायला हवी. पण तुम्ही 30 ऐवजी 130 चा पिक्सेल आणलात, म्हणून तिथे 95 आली. कडेला चहूकडून हेच होतं आणि डोक्याभोवती पांढुरकी रेघ उठते. म्हणजे दोष मास्कच्या आकारात नाही, कडेच्या पिक्सेलमध्ये जुनी भिंत मुरलेली आहे. मास्क आणखी आत ढकलून हे सुटत नाही. तसं केलं की रेघ जाते, पण बारीक केसही जातात आणि डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसतं.

म्हणून कडेचा आकार तसाच ठेवून तिथला रंग बदलायचा. फोटोशॉपच्या Select and Mask मध्ये Decontaminate Colors हेच करतं: कडेच्या पिक्सेलचा रंग काढून तिथे आतल्या बाजूच्या केसांचा रंग पसरवतं. तो पूर्ण 100 वर नेऊ नका, कानाजवळ आणि कॉलरपाशी त्वचेचा रंग बाहेर ओघळतो. माझी पद्धत अशी की ते निम्म्यावर ठेवायचं आणि उरलेलं हाताने करायचं. मुलाच्या लेयरवर एक रिकामा लेयर घ्या, तो त्यालाच क्लिप करा, मोड Darken ठेवा, आतल्या केसांचा रंग उचला आणि कमी Flow च्या ब्रशने फक्त कडेवरून फिरवा. Darken मुळे मूळचे काळे केस हलत नाहीत, फक्त उजळलेले पिक्सेल खाली बसतात.

दुसऱ्या प्रकारची रेघही असते आणि तिचा उपाय वेगळा आहे. मोबाइल स्वतःच फोटो शार्प करतो, त्यामुळे गडद आणि उजळ भाग जिथे भेटतात तिथे उजळ बाजूला आणखी उजळ पट्टी आणि गडद बाजूला आणखी गडद पट्टी तयार होते. ही पट्टी खांद्याभोवती सगळीकडे सारख्या जाडीची असते आणि तिच्या लगेच आत एक काळसर रेघ दिसते. तशी ती दिसली तर मात्र शर्ट आणि बाहीवर मास्क एक-दोन पिक्सेल आत घेणं हाच मार्ग. कापडाच्या कडेला ते चालून जातं, केसांना नाही.

कड किती मऊ ठेवायची याचा अंदाज बांधू नका. 300 टक्के झूम करून शेजारी उभ्या असलेल्या काकांचा खांदा बघा. त्यांच्या शर्टाचा रंग संपून मागचा रंग सुरू व्हायला किती पिक्सेल लागतात? समजा तीन लागतात, तर मुलाच्या खांद्यालाही तीनच हवेत. फेदर दोन ठेवायचा की पाच, याचं उत्तर त्याच फोटोत शेजारी उभं असतं.

आता सावली. इथे एक गोष्ट माहीत असली की कामाचा क्रम बदलतो. डिजिटल फोटोंच्या फॉरेन्सिक तपासणीत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं त्या हॅनी फरीद यांनी मेरी ब्रावो यांच्यासोबत केलेल्या कामात दाखवलंय, की सावल्यांची दिशा एकमेकींशी जुळते की नाही हे माणसाच्या नजरेला फारसं कळत नाही. बरीच मोठी चूकसुद्धा सुटून जाते. पण सावलीच नसेल आणि पाय जमिनीला टेकलेले दिसत नसतील, तर ते पाहणाऱ्याला लगेच जाणवतं. थोडक्यात, घरच्यांना पटवायला पायाखालचा अंधार लागतो आणि जाणकाराच्या नजरेला खरं वाटायला दिशा अचूक लागते. दोन्ही करायचं, पण आधी पाय.

शहाबादी फरशीवर काकांच्या बुटाजवळ बघा. जिथे तळवा फरशीला टेकतो तिथे एक अगदी अरुंद, सगळ्यात काळी रेघ आहे. तिथे ऊनही पोचत नाही आणि आभाळाचा उजेडही पोचत नाही. बूट उचलला जातो तिथे ती लगेच विरळ होते. मुलाच्या बुटांखाली ही रेघ वेगळ्या लेयरवर, लहान ब्रशने, तळव्याच्या आकाराप्रमाणे काढा. याने निम्मा तरंगता भाव जातो.

मग पडछाया. बहुतेक जण माणसाचा काळा आकार आडवा करतात, Multiply मोडमध्ये ठेवतात आणि त्यावर एकसारखा Gaussian Blur मारतात. यात दोन चुका आहेत.

पहिली चूक धूसरपणाची. सूर्य बिंदू नाही, आभाळात तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब पडते तितकी पसरते, ढोबळ हिशोबाने अंतराच्या शंभराव्या भागाइतकी. घोट्याची सावली दहा सेंटिमीटरवर पडली तर कड एक मिलिमीटरच पसरते. डोक्याची सावली डोक्यापासून तीन मीटरवर पडली तर कड तीन सेंटिमीटर पसरते, आणि ऊन तिरपं असल्यामुळे सावलीच्या लांबीच्या दिशेने त्याहून जास्त. तुमच्या फोटोत 1.7 मीटरचा माणूस 1700 पिक्सेल उंच असेल, तर एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे घोट्याजवळ एक पिक्सेल आणि डोक्याच्या सावलीला जवळपास तीस. Blur Gallery मधला Field Blur दोन टोकांना दोन वेगळे आकडे घेतो, तो इथे उपयोगी पडतो.

दुसरी चूक रंगाची. उघड्यावरची सावली काळी नसते. तिथे ऊन नसतं, पण निळ्या आभाळाचा उजेड असतोच, म्हणून लाल जास्त उतरतो आणि निळा कमी. अंदाज न करता मोजा. समजा उन्हातल्या फरशीवर आयड्रॉपर 190, 175, 155 दाखवतो आणि काकांच्या सावलीतल्या तशाच फरशीवर 92, 90, 88. आता काळा रंग भरायचाच नाही. एक Curves लेयर घ्या. Red मध्ये 190 ला 92 वर आणा, Green मध्ये 175 ला 90 वर, Blue मध्ये 155 ला 88 वर. मास्क पूर्ण काळा करा आणि सावलीचा आकार मास्कमध्ये पांढऱ्याने रंगवा. फरशीचा पोत, सांधे, पडलेल्या अक्षता सगळं जसंच्या तसं राहतं आणि रंग शेजारच्या सावलीशी आपोआप जुळतो.

आणि एक गोष्ट अल्बमच्या कामात मी सतत चुकलेली बघतो. जिथे आधीच कुणाची सावली आहे तिथे तुमची सावली पुन्हा पडत नाही. तिथलं ऊन आधीच अडलेलं आहे, दुसऱ्यांदा अडवायला काही उरलेलं नाही. दोन सावल्या जिथे एकमेकींवर चढल्यात तिथे जास्त काळा पट्टा दिसला, की जोडकाम उघडं पडतं. तेवढा भाग मास्कमधून पुसून टाका.

दिशेसाठी एक पक्की कसोटी आहे. सावलीतला एक ठळक बिंदू घ्या आणि ती सावली ज्या बिंदूची आहे तो शोधा: फेट्याचं टोक आणि त्याची सावली, कोपर आणि त्याची सावली, खांबाचं टोक आणि त्याची सावली. प्रत्येक जोडीतून सरळ रेघ ओढून वाढवत न्या. प्रकाश एकच असेल तर सगळ्या रेघा एका बिंदूत भेटल्या पाहिजेत. सूर्य समोर असेल तर तो बिंदू म्हणजे फोटोतला सूर्यच. तुमच्यासारखा सूर्य फोटोग्राफरच्या पाठीमागे डावीकडे असेल, तर रेघा वस्तूकडून सावलीकडे वाढवायच्या. त्या उजवीकडे खाली, खुद्द कॅमेऱ्याची सावली ज्या दिशेला पडेल तिथे भेटतात. हा बिंदू बहुधा फ्रेमच्या बाहेर असतो, म्हणून कॅनव्हास तात्पुरता मोठा करावा लागतो. जमीन उंचसखल असली तरी कसोटी चालते, कारण ती बिंदू ते बिंदू जाते. तिची मर्यादा एवढीच की जोड्या खात्रीच्या हव्यात. गोल खांद्याच्या सावलीतला कुठला बिंदू खांद्यावरच्या कुठल्या बिंदूचा आहे हे सांगता येत नसेल तर ती जोडी सोडून द्या. यातून हेही लक्षात येईल की शेजाऱ्याच्या सावलीला समांतर सावली काढणं चूक आहे. फोटोत सावल्या समांतर नसतात, एका बिंदूकडे वळलेल्या असतात.

ही कसोटी तुमच्या फोटोला लावली की मोठी अडचण समोर येते. ऊन डावीकडून येतंय आणि मुलगा डाव्या टोकाला उभा आहे. मग त्याची सावली उजवीकडे, शेजारच्या काकांच्या पायांवर पडायला हवी. काकांच्या पांढऱ्या पायजम्यावर मात्र स्वच्छ ऊन आहे. ती सावली पायजम्याच्या चुण्यांवरून वळवत काढणं शक्य आहे, पण फार किचकट आहे. त्यापेक्षा जागा बदला. मागच्या रांगेत दोन डोक्यांच्या मध्ये फट असेल तर तिथे मुलाला ठेवा. पाय लपतात, जमिनीवरची सावली लपते, कटिंग फक्त डोकं आणि खांद्यापुरतं उरतं. डावीकडच्या माणसाची सावली त्याच्या खांद्यावर किती यायला हवी तेवढंच बघावं लागतं, आणि ते त्याच रांगेतल्या दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर दिसतं.

चेहऱ्यावरच्या प्रकाशाला मात्र अशी पळवाट नाही. सगळ्यांच्या नाकाची सावली फोटोत उजवीकडच्या गालाकडे गेली आहे, भुवईखाली आणि हनुवटीखाली ठसठशीत काळोख आहे. खिडकीच्या मऊ उजेडात काढलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर यातलं काही नाही. खिडकी उजवीकडे असेल तर फोटो आडवा पलटावासा वाटतो. पलटवू नका. शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, बटणपट्टी उलटी होते, घड्याळ दुसऱ्या हातात येतं, भांग दुसरीकडे पडतो. शिवाय चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, आणि आईला ते पहिल्या नजरेत कळतं. Dodge आणि Burn ने प्रकाश थोडा एका बाजूला झुकवता येतो, पण मऊ उजेडातून कडक ऊन बनवता येत नाही. उलट जमतं: फोटो ढगाळ हवेत किंवा मांडवाच्या सावलीत काढलेला असता तर घरातला मऊ उजेड बराच चालून गेला असता.

नॉइजचं, म्हणजे फोटोतल्या बारीक दाण्याचं काम अगदी शेवटी, कारण त्याआधी केलेली प्रत्येक गोष्ट नॉइज बदलते. फोटो निम्म्या आकाराला आणला की शेजारचे पिक्सेल सरासरीत मिसळून दाणा जवळपास निम्मा होतो. मोठा केला की दाणा फुगतो आणि मऊ होतो. सावल्या उजळल्या की तिथला दाणा वर येतो. मोबाइलने तर दाणा आधीच पुसलेला असतो, म्हणून गाल मेणासारखे गुळगुळीत दिसतात, तर शेजारच्या काकांच्या गालावर कॅमेऱ्याचा बारीक दाणा असतो. साध्या आकारात हे नजरेत भरत नाही, पण 12 बाय 36 च्या पानावर छापलं की दिसतं. तपासायला Channels मध्ये फक्त Blue उघडा. दाणा तिथे सहसा सगळ्यात जास्त असतो आणि फरक लगेच कळतो.

मोजायचं असं: काकांच्या अंगावरचा किंवा मागच्या भिंतीचा सपाट, मध्यम उजेडाचा लहान भाग निवडा आणि Histogram पॅनेलमधला Std Dev वाचा. आकडा ताजा करून घ्या, नाहीतर साठवलेल्या लहान प्रतीवरून येतो. तेवढ्याच उजेडाचा सपाट भाग मुलावर निवडा. कापडाची वीण किंवा उजेडाचा चढउतार आत आला तर आकडा फुगतो, म्हणून भाग लहान आणि गुळगुळीतच हवा. समजा काकांकडे 3.1 आला आणि मुलाकडे 0.9. मग 2.2 नॉइज घालायचा असं वाटेल, पण नॉइजची बेरीज वर्गांमध्ये होते:

```
√(3.1² − 0.9²) ≈ 3.0
```

म्हणजे जवळपास 3 घालावा लागेल. त्यासाठी मुलाच्या लेयरला क्लिप केलेला 50 टक्के करड्या रंगाचा लेयर Overlay मोडमध्ये घ्या, Add Noise मध्ये Gaussian निवडा, Monochromatic बंद ठेवा आणि त्यावर 0.4 च्या आसपास Gaussian Blur द्या, कारण खऱ्या कॅमेऱ्याचा दाणा एकेका पिक्सेलचा करकरीत नसतो. Amount किती ठेवायचा हे सूत्रातून थेट निघत नाही. ब्लर आणि Overlay दोन्ही त्याला कमी करतात. तो कमीजास्त करत मुलावरचा Std Dev 3.1 च्या जवळ आणा. अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागात Overlay आपोआप नरम पडतो. पांढऱ्या शर्टाला ते चालतं. काळ्या केसांत काकांच्या केसांइतका दाणा दिसत नसेल तर तेवढ्यापुरता वेगळा लेयर लागतो.

यानंतरही बारकाईने तपासणाऱ्यापासून काही गोष्टी लपत नाहीत. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर जेपीईजीचे 8 बाय 8 चे चौकोन असतात. फोटो लहानमोठा करून दुसऱ्या जागी ठेवला की त्यांची जाळी बाकी चित्राच्या जाळीशी जुळत नाही. घरच्या अल्बमला त्याने काही बिघडत नाही. पण हाच फोटो उद्या एखाद्या कामासाठी पुरावा म्हणून कुणी मागितला, तर तो जोडलेला आहे हे लेखी सांगा आणि मूळ फोटो वेगळा जपून ठेवा. एक खबरदारी उलट बाजूनेही घ्यावी: जेपीईजी पुन्हा साठवून पडणारा फरक दाखवणाऱ्या एरर लेव्हल ॲनालिसिसच्या चित्रात एखादा भाग चमकला म्हणून तो जोडलेलाच, असं धरू नका. भरजरी पदर आणि ठळक कडा तिथे अस्सल फोटोतही चमकतात.

तुमच्या या कामासाठी माझा सल्ला, मुलाचा फोटो पुन्हा मागवा. वर सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्या त्याने लागणारच नाहीत. ग्रुप फोटो पाच-सहा मीटरवरून काढलेला असणार. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि ते फोटोशॉपमध्ये नीट सुटत नाही. त्याला सांगा: उघड्यावर, स्वच्छ उन्हात, ऊन फोटो काढणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून येईल असं उभं राहा. सूर्याची उंची जुळवण्यासाठी एक काठी उभी धर. ग्रुप फोटोतल्या लोकांची सावली त्यांच्या उंचीच्या दीडपट असेल, तर काठीची सावलीही दीडपट होईल ती वेळ निवड. तिथे हिवाळ्यात सूर्य खालीच राहतो, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास ही वेळ भर दुपारी येईल, आणि नोव्हेंबर ते जानेवारी येणारच नाही. फोटो दुसऱ्या कुणाला पाच मीटरवरून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून, दोनपट लेन्सवर काढू दे. पोर्ट्रेट मोड आणि ब्यूटी दोन्ही बंद, कारण पोर्ट्रेट मोड केसांची कड खातो. मागे पांढरी भिंत नको, झाडी किंवा गडद भिंत असू दे, म्हणजे कडेत मुरणारा रंग अंगणातल्या झाडाच्या जवळचाच असेल. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे मूळ फाइल हातात येईल.